पाइप गेला, इस्त्री राहिली

मेणवलीच्या घाटाचा तो फोटो मी हिवाळ्यातल्या एका सकाळी काढला होता. कृष्णेचं पाणी संथ, काळ्या दगडाच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या, आणि त्या पायऱ्यांवरून तिरका गेलेला एक निळा पाइप. वर कुठंतरी मोटर, खाली तोंड नदीत. कुणाच्या तरी उसाला पाणी चालू होतं, त्यामुळे तो उचलून बाजूला ठेवा म्हणायची सोय नव्हती. पुढे हाच फोटो एका संस्थेच्या सभागृहाच्या भिंतीसाठी साठ इंच रुंद छापायचं ठरलं आणि पाइप काढून द्या अशी अट आली. मी तो संगणकावर काढला, पडद्यावर नीट पाहिला, खूश झालो आणि नमुन्याची पट्टी छापायला दिली. प्रिंटिंगवाल्या दादांनी पट्टी टेबलावर पसरली, दिव्याखाली थोडी तिरकी धरली आणि विचारलं, “सर, इथं कुणी इस्त्री फिरवलीय का?”

पाइपचा मागमूस नव्हता. पण तो जिथं जिथं होता तिथला दगड आजूबाजूच्या दगडापेक्षा गुळगुळीत झाला होता. निळा पाइप जाऊन त्याच्या जागी गुळगुळीतपणाचा एक पाइप आला होता म्हणा ना.

हे का झालं ते समजायला दोनच आकडे पुरतात. माझा कॅमेरा 61 मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो 9504 पिक्सेल रुंद आणि 6336 पिक्सेल उंच. आणि चित्राचा खोडलेला भाग भरून देणारं जे मॉडेल मी वापरलं, ते स्टेबल डिफ्युजन एक्सएल, शिकलेलं आहे साधारण 1024 बाय 1024 च्या चौकोनावर. त्याला अख्खा घाट एकदम दाखवायचा तर तो रुंदीत नऊ पटींहून जास्त आक्रसावा लागतो, आणि मूळचे शहाऐंशी पिक्सेल मिळून एक पिक्सेल उरतो. म्हणून सगळे जण तुकडा कापतात. मोठ्या फोटोतला कामापुरता भाग घ्यायचा, तेवढाच मॉडेलकडून भरून घ्यायचा आणि परत जागेवर बसवायचा. AUTOMATIC1111 नावाच्या प्रचलित प्रोग्रॅममध्ये यासाठी `Only masked` असा पर्याय असतो. मी तोच निवडला होता. मग तुकडा कापूनही इस्त्री फिरली कशी?

चूक अशी की तो तुकडा मी कापला नव्हता, प्रोग्रॅमने कापला होता. काय खोडायचं ते आपण रंगवून दाखवतो, त्याला मास्क म्हणतात. प्रोग्रॅम त्या मास्कभोवती बसेल असा लहानात लहान आयत आखतो, चारी बाजूंनी थोडी जागा सोडतो आणि तो आयत आपण सांगितलेल्या मापात बसवतो. माझा पाइप जाडीला अवघा 44 पिक्सेल, पण लांबीला 2400 च्या घरात आणि वर तिरका. तिरक्या काठीभोवती आयत आखला तर काठी बारीक असली तरी आयत मोठाच येतो. इथं तो सतराशे पिक्सेलच्या पुढे गेला. 1024 मध्ये बसवण्यासाठी प्रोग्रॅमने तो गुपचूप पावणेदोन पट आक्रसला, मॉडेलने त्या लहान चित्रात सुंदर दगड काढला, आणि परत बसवताना तो दगड पावणेदोन पट ताणला गेला. ताणलेल्या चित्रात बारीक पोत येणार कुठून? पडद्यावर मी पूर्ण फोटो पाहत होतो, म्हणून काही जाणवलं नाही. साठ इंचांवर जाणवलं.

याच फोटोत उलटी गंमतही होती. वरच्या पायरीवर चुरगळलेलं एक रिकामं पाकीट पडलेलं, जेमतेम 90 पिक्सेलचं. तेही त्याच पद्धतीने काढलं होतं. भोवती सोडायची जागा `Only masked padding, pixels` या रकान्यात लिहितात आणि तिथं मुळात 32 असतात. म्हणजे 154 पिक्सेलचा चौकोन झाला, आणि प्रोग्रॅमने तो साडेसहा पट फुगवून मॉडेलपुढे ठेवला. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर मॉडेलने दगडाचा कण न् कण रेखला. परत आक्रसून बसवल्यावर ती जागा शेजारच्या दगडापेक्षा जास्त धारदार झाली. एकाच फोटोत एक जागा मऊ आणि दुसरी डोळ्यात खुपणारी, आणि दोन्हींचं कारण एकच. तुकडा आत जाताना त्याचं माप बदललं होतं.

म्हणून आता मी तुकडा स्वतः कापतो, बरोबर 1024 बाय 1024 चा. आतही तेवढाच, बाहेरही तेवढाच. एक पिक्सेल आत गेला तर एकच पिक्सेल बाहेर यावा. कापताना डाव्या-वरच्या कोपऱ्याचा पत्ता लिहून ठेवतो, कारण परत बसवताना तो एका पिक्सेलने जरी चुकला तरी दगडाच्या सांध्यात पायरी पडते. इमेजमॅजिकमध्ये हे असं होतं:

```
magick ghat.tif -crop 1024x1024+4310+2876 +repage tukda.png
magick nava.png mask.png -alpha off -compose CopyAlpha -composite patch.png
magick ghat.tif patch.png -geometry +4310+2876 -compose Over -composite ghat2.tif
```

पहिल्या ओळीत तुकडा वेगळा होतो. दुसरीत भरून आलेल्या तुकड्याला मास्क लागतो, मास्कमध्ये पांढरं तिथं नवं दिसणार आणि काळं तिथं नवं झाकलं जाणार. तिसरीत तो पॅच जुन्याच पत्त्यावर बसतो.

लांब पाइपसाठी एक चौकोन पुरत नाही. मी तिरक्या रेषेवर एकमेकांवर निम्मे चढलेले तीन चौकोन घेतले. मात्र दुसरा तुकडा मूळ फोटोतून कापायचा नाही. पहिला बसवून झाल्यावर जो फोटो तयार होतो त्यातून कापायचा. तिन्ही तुकडे एकदमच मूळ फोटोतून कापून भरायला दिले, तर प्रत्येकात मॉडेल आपल्या मर्जीचा दगड काढतं आणि जोडताना एका पायरीची कड दुसऱ्या तुकड्यात दोन बोटं खाली सरकलेली निघते. एकामागून एक केलं की आधी भरलेला दगड पुढच्या तुकड्यात साक्षीला हजर असतो.

आता मास्क. तो पाइपच्या कडेला चिकटून आखायचा मोह होतो, पण पाइपची सावली दगडावर असते, निळ्या रंगाची हलकी झाक शेजारच्या ओल्या दगडावर पडलेली असते, आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब असतं. यातलं काहीही शिल्लक राहिलं तर मॉडेल त्याचा अर्थ लावतं. निळी झाक आहे, सावली आहे, मग इथं पाइप असलाच पाहिजे, असं ठरवून ते नवा पाइप काढून देतं. माझ्या एका प्रयत्नात तर आधीच्यापेक्षा सुबक पाइप आला होता. त्यामुळे मास्क दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस पिक्सेल जास्त घेतला, सावलीकडच्या बाजूला त्याहून अधिक.

दुसरी युक्ती जुन्या रिटचिंगवाल्यांची. मॉडेलकडे देण्याआधी पाइपवर क्लोन स्टॅम्पने शेजारचा दगड ओबडधोबड थापून घ्यायचा. दिसायला गचाळ चालेल, पण पायरीची कड आणि सांध्यांच्या रेषा जागेवर आल्या पाहिजेत. मग `Denoising strength` 0.5 च्या आसपास ठेवायचं. हा आकडा मॉडेलला किती मोकळीक दिली ते सांगतो. 1 म्हणजे खाली काय होतं ते विसर आणि मनाने काढ, 0.3 म्हणजे आहे तेच थोडं घोटून दे. खाली निळा पाइप तसाच असेल तर 0.5 वर तो पुसला जात नाही आणि 1 वर पायऱ्यांची दिशा भरकटते. खाली ओबडधोबड दगड असेल तर 0.5 वर मॉडेल त्यालाच वळणावर आणतं.

तुकडा भरून आला. तो जसाच्या तसा, अख्खा चौकोन परत डकवायचा नाही. याचं कारण मॉडेलच्या पोटात आहे. ते चित्रावर थेट काम करत नाही, आधी त्याचा सारांश करतं. 8 बाय 8 पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीसाठी केवळ चार आकडे राहतात, म्हणजे मूळच्या 192 आकड्यांचे चार. काम संपल्यावर त्या सारांशातून चित्र पुन्हा उलगडतं. त्यामुळे ज्या भागाला आपण हातही लावला नाही, तोही या फेऱ्यातून जाताना किंचित बदलतो. दगड बऱ्यापैकी परत येतो, पण दूरच्या देवळावरची बारीक नक्षी किंवा पाटीवरची अक्षरं विरघळल्यासारखी होतात. म्हणून मास्कच्या आतलं तेवढंच नवं घ्यायचं. खात्री करायला मूळ फोटो आणि नवा फोटो एकावर एक ठेवून `Difference` लावायचं. मास्कबाहेर सगळं ठार काळं दिसलं पाहिजे.

हा बदललेला बाहेरचा भाग टाकाऊ मात्र नाही, उलट तोच आपल्याला रंगाची चूक मोजून देतो. मास्कच्या लगत बाहेर साठ-सत्तर पिक्सेलची एक कडी घ्या. या कडीतला दगड मूळ तुकड्यातही आहे आणि भरून आलेल्या तुकड्यातही, आणि मधे काहीच बदलायला नको होतं. माझ्या मधल्या तुकड्यात मूळ कडीची सरासरी लाल 71, हिरवा 70, निळा 68 होती. भरून आलेल्या तुकड्यात 74, 72, 67. म्हणजे मॉडेलने दगड साधारण दोन घरं उजळ आणि जरासा उबदार केला होता. मास्कच्या आतही साधारण तेवढाच फरक पडला असणार, म्हणून नव्या तुकड्यातून लालमधले तीन आणि हिरव्यातले दोन वजा केले आणि निळ्यात एक वाढवला. डोळ्याने जुळवत बसण्यापेक्षा हे बिनचूक आणि झटपट होतं.

एवढं करूनही जोड दिसतोच, आणि खरी मौज इथून पुढे आहे. आपण सगळे शिकलेलो असतो की जोड लपवायचा तर मास्कची कड पसरट करायची, म्हणजे फेदर द्यायचा. चाळीस पिक्सेलचा फेदर दिला की जुनं हळूहळू नव्यात मिसळतं. रंगाच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. ग्रेनच्या बाबतीत तेच घातक ठरतं.

ग्रेन म्हणजे सेन्सरने पकडलेल्या प्रकाशातला तो बारीक खडबडीतपणा. सपाट रंगाची जागा शंभर टक्क्यांवर पाहिली तर शेजारशेजारचे पिक्सेल काही घरांनी वरखाली दिसतात. माझ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात फोकसबाहेर गेलेला ओल्या मातीचा काठ होता, घाटाच्या दगडाइतकाच गडद. तिथं कुठलाच पोत नसल्यामुळे निव्वळ ग्रेन मोजता आला, प्रमाण विचलन 4. मॉडेलने भरलेल्या तुकड्यात दगडावर एक सपाट ओला डाग होता, तिथं तेच दीड आलं. आता फेदरच्या बरोबर मध्यावर काय होतं पाहा. तिथं अर्धं जुनं आणि अर्धं नवं मिसळलेलं असतं. पण दोन्हींचा खडबडीतपणा एकमेकांशी बोलून ठरवलेला नाही. एक पिक्सेल इथं वर असेल तर तिथं खाली. सरासरी काढली की ते एकमेकांना खातात. चार आणि दीडच्या मिश्रणात विचलन दोनच्या थोडं वर उरतं. आणि समजा दोन्हीकडे चोख चार असतं, तरी मध्यावर 2.8 च उरलं असतं. म्हणजे तुकडा कितीही हुबेहूब असो, पसरट फेदरने त्याच्याभोवती एक गुळगुळीत कडं तयार होणारच. दादांना दिसलेल्या इस्त्रीत या कड्याचाही वाटा होता.

यावरचा उपाय चाळीस वर्षं जुना आहे. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेल्सन यांनी 1983 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यातलं अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं बेमालूम जोडलेलं फळ या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं असं की चित्राचे आधी थर पाडा, एका थरात मोठमोठे रंगाचे पट्टे, दुसऱ्यात मध्यम आकार, तिसऱ्यात बारीक रेषा, आणि प्रत्येक थराला त्यातल्या गोष्टींच्या आकाराइतकाच रुंद जोड द्या. रंगाच्या पट्ट्यांना रुंद जोड, बारीक पोताला अरुंद. मग थर पुन्हा एकत्र करा.

मी दोनच थर करतो, घाटाच्या दगडाला तेवढे पुरतात. मूळ फोटो आणि नवा तुकडा, दोन्हींची आठ पिक्सेलने धूसर केलेली एक प्रत काढायची. हा रंगाचा थर. ज्याच्या त्याच्यातून ही धूसर प्रत वजा केली की जे उरतं तो पोताचा थर. रंगाचे थर चाळीस पिक्सेलच्या फेदरने जोडायचे, पोताचे थर तीन पिक्सेलच्या. तीन पिक्सेलचा जोड म्हणजे जवळजवळ कात्रीने कापल्यासारखाच, पण त्यात रंगाचा फरक उरलेलाच नसतो, त्यामुळे तो दिसत नाही. शिवाय ही पोताची कड शक्य तिथं दगडाच्या सांध्यातून किंवा पायरीच्या सावलीतून नेतो. रफू करणारा जसा धाग्याचा शेवट विणीत लपवतो, तसंच.

रफूवाल्याची आणखी एक सवय इथं कामी येते. तो बाजारचा धागा आणत नाही, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढतो. ग्रेनही त्याच फोटोतून घ्यावा. प्रोग्रॅमचा तयार नॉइज घातला तर तो वाळूसारखा दिसतो, कारण त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे उडालेला असतो. कॅमेऱ्यातला तसा नसतो. सेन्सरवर प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून हिशेबाने भरले जातात, त्यामुळे शेजारचे पिक्सेल थोडेफार एकत्र हलतात आणि ग्रेनला दोन-तीन पिक्सेलच्या गुठळ्यांचं रूप येतं. मी त्या मातीच्या काठाचा तुकडा घेतला, त्यातून त्याचीच धूसर प्रत वजा केली. उरला तो निव्वळ ग्रेन, आणि तो पॅचवर पसरला. किती? चारातून दीड वजा करून अडीच नव्हे. विचलनांची बेरीज वर्गांनी होते, सोळातून सव्वादोन गेले, उरलेल्याचं वर्गमूळ 3.7. गडद दगडाला गडद जागेचाच ग्रेन हवा, कारण उजेडात आणि सावलीत तो सारखा नसतो. पाण्यावरच्या चकाकत्या भागासाठी मला दुसरा नमुना घ्यावा लागला.

ग्रेन घालण्याआधी एक बारीकशी पायरी आहे, ती बहुतेकांकडून सुटते. तुकडा मूळ मापात ठेवला तरी मॉडेलचा दगड किंचित जास्त रेखीव येतो. त्याने पाहिलेले फोटो बहुतेक लहान केलेले आणि म्हणून कडक. 61 मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्क्यांवर पाहिला तर चांगल्या लेन्सचाही थोडा मऊच असतो. अर्ध्या पिक्सेलच्या आसपास धूसरता दिली की दोन्ही दगड एका लेन्समधून आल्यासारखे दिसतात. ग्रेन त्यानंतर, नाहीतर तोही धूसर होतो.

तपासताना मी आता पूर्ण फोटोवर भरवसा ठेवत नाही. सगळ्यात वर एक `Curves` लेयर टाकतो आणि तिची रेषा दोन-तीनदा वरखाली अशी वेडीवाकडी ओढतो. फोटो भयानक रंगांचा होतो, पण रंगातला एका घराचाही फरक त्यात पट्ट्यासारखा उठून दिसतो. मग ती लेयर बंद करून निळा चॅनेल एकटा पाहतो. ग्रेन तिथं सर्वांत जास्त असतो, त्यामुळे इस्त्री फिरली असेल तर आधी तिथं दिसते. शेवटी कागद. साठ इंचांवर 9504 पिक्सेल म्हणजे इंचाला 158, आणि एक 1024 चा तुकडा साडेसहा इंचांचा. तेवढीच पट्टी छापून हातभर अंतरावरून पाहिली की पुरे. दुसऱ्या खेपेला दादांनी पट्टी तिरकी धरली, उलटसुलट केली आणि बाजूला ठेवून चहा सांगितला.

आता त्या पाइपखालच्या दगडाबद्दल. तो खरा कसा होता हे मॉडेलला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. ते केवळ पटेल असा दगड देतं. म्हणून नोंदीसाठी काढलेल्या फोटोत मी हे करत नाही, आणि शिलालेखावर तर कधीच नाही, कारण तिथं मॉडेल अक्षरांसारखी दिसणारी पण कुठल्याच लिपीत नसलेली काहीतरी वळणं काढतं. सभागृहाच्या भिंतीसाठी चालेल असं ठरलं होतं, आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवली होती.

तरी मनात राहिलं. उन्हाळ्यात वाईला जाणं झालं तेव्हा वाट वाकडी करून मेणवलीला गेलो. मोटर बंद होती, पाइप नव्हता. तिसऱ्या पायरीवर मॉडेलने दोन दगडांमध्ये सांधा दाखवला होता, प्रत्यक्षात तो वीतभर डावीकडे निघाला. त्याच जागी उभं राहून तेवढ्या पायरीचा फोटो घेतला आणि घरी येऊन खरा दगड बसवायला घेतला. पण मी दुपारी गेलो होतो. ऊन दुसऱ्या बाजूचं, प्रत्येक उंचवट्याची सावली उलट पडलेली, दगड कोरडा. रंग कडीवरून मोजून जुळवला, ग्रेन जुळवला, थर पाडून जोडला, तरी तो खरा दगड त्या पायरीवर उपरा दिसत राहिला. भिंतीवर अजून खोटाच सांधा आहे.